‘माझ्या खात्यातून’ एवढंच लिहून थांबलेला मेसेज

शनिवारी सकाळी दहा बेचाळीसला माझ्या स्क्रीनवर एक चॅट येऊन पडलं. ‘नमस्कार काल रात्री माझ्या खात्यातून’. एवढंच. ना पूर्णविराम, ना पुढचा शब्द.

बँकेच्या चॅट डेस्कवरचा माझा तो नववा दिवस होता. त्याआधी सहा वर्षं मी दादरच्या एका शाखेत काउंटरवर होते. काउंटरवर कुणी असं अर्ध्यावर थांबलं तर आपण त्याच्या हातांकडे बघतो. पिशवीत हात घातलाय म्हणजे पासबुक शोधतोय, चष्मा पुसतोय म्हणजे स्लिपवरचा आकडा दिसत नाहीये. आपण थांबतो, तो बोलतो. मरोळच्या चौथ्या मजल्यावरच्या डेस्कवर मात्र हात दिसत नाहीत. दिसतं ते फक्त कोपऱ्यातलं घड्याळ, पहिलं उत्तर किती सेकंदांत गेलं ते मोजणारं. मिनिटाच्या आत काहीतरी गेलंच पाहिजे.

मी ‘काहीतरी’ पाठवलं. टेम्प्लेटांच्या यादीत अपुऱ्या मेसेजसाठी एक तयार उत्तर होतं, त्यात माझ्या मनाची एक ओळ घातली: ‘नमस्कार. कृपया आपला खाते क्रमांक, रक्कम आणि मेसेजमध्ये आलेला नंबर पाठवावा.’ माझ्या मनातला ‘नंबर’ म्हणजे व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. पैसे वजा झाल्याच्या एसएमएसमध्ये तो असतो, आणि तो मिळाला की व्यवहार शोधायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. शाखेत मी रोज हेच विचारायचे, ‘मेसेजमधला नंबर सांगा बघू.’ समोरचा फोन माझ्या हातात द्यायचा आणि नंबर मीच बघून घ्यायचे. चॅटमध्ये फोन माझ्या हातात नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही.

पाच मिनिटांनी उत्तर आलं. फक्त सहा अंक. ते इथे लिहीत नाही. तपशील ओळखू येऊ नयेत म्हणून बाकीचेही आकडे थोडे बदलले आहेत.

मी ते सहा अंक कॉपी करून शोधाच्या चौकटीत टाकणार, तेवढ्यात मागून आमच्या टीम लीडर ताईंचा आवाज आला. ‘थांब. किती अंक आहेत ते मोज.’

यूपीआयचा संदर्भ क्रमांक बारा अंकी असतो. कार्डावर पुढे छापलेला नंबर बहुतेक वेळा सोळा अंकी, मागचा सीव्हीव्ही तीन अंकी. आणि सहा अंकी आकडा आला की बँकेत बसलेल्या माणसाच्या पोटात गोळा यायला हवा, कारण तो जवळजवळ नेहमी ओटीपी असतो, नाहीतर यूपीआय पिन. माझ्या पोटात काहीच आलं नव्हतं. मी खुशाल कंट्रोल-सी दाबून बसले होते.

ताईंनी माझी खुर्ची बाजूला केली नाही, कीबोर्डही घेतला नाही. ‘आता तूच निस्तर,’ म्हणाल्या. ‘पण आधी सांग, हा ओटीपी त्यांच्या फोनवर आला कुठून? तू पाठवलास?’

मी नव्हता पाठवला. आमच्या चॅटमधून ओटीपी जातच नाही. म्हणजे दहा बेचाळीस ते दहा सत्तेचाळीसच्या दरम्यान दुसऱ्याच कुणीतरी काहीतरी केलं होतं, ज्यामुळे या गृहस्थांच्या फोनवर कोड येऊन पडला. त्यांना वाटलं, बँकेशी बोलतोय, बँकेनं नंबर मागितला, आणि बघा, लगेच नंबर आलाही. माझा प्रश्न आणि चोराचा कोड एकाच वेळी त्यांच्या हातात पडले.

पुढचं उत्तर मी ताईंच्या देखरेखीखाली शब्द मोजून लिहिलं. तुम्ही पाठवलेला आकडा ओटीपी दिसतो. आम्हाला त्याची गरज नाही आणि आम्ही तो वापरलेला नाही. तो मेसेज पुढे कुणालाही पाठवू नका. मग प्रश्न: त्या एसएमएसमध्ये अंक सोडून बाकी काय लिहिलंय, रक्कम दिसते का?

कार्डाच्या ओटीपीचा एसएमएस पूर्ण वाचला तर त्यात बहुधा सगळी कुंडली असते: किती रुपयांचा व्यवहार, कुठल्या दुकानाचा, कुठल्या कार्डावर. पण तो इंग्रजीत असतो, आणि घाईत माणूस त्यातला फक्त ठळक आकडा उचलतो. त्यांचं उत्तर आलं: ‘१८,९९० असे आहे. दुकानाचे नाव इंग्लिश. मी काही घेतलेले नाही. तुम्हीच पाठवला ना?’

‘नाही. आम्ही पाठवलेला नाही.’ एवढं पाठवून मी लगेच कार्ड बंद करायला घेतलं. ते ॲपमध्ये लॉगिन करून चॅटवर आले होते, त्यामुळे डाव्या बाजूच्या पट्टीत मला त्यांची खाती आणि कार्ड दिसत होतं, मधले अंक झाकलेले, शेवटचे चार तेवढे उघडे. आमच्याकडे याला कार्ड हॉटलिस्ट करणं म्हणतात. त्यासाठी ना पिन लागतो, ना ओटीपी, ना सीव्हीव्ही. खातेदार आहेत याची खात्री त्यांच्या लॉगिननं झालेली असते, उरतो तो त्यांचा होकार. ‘XX4417 हे डेबिट कार्ड बंद करू का? नवं कार्ड पत्त्यावर येईल.’ ‘करा.’ दहा एक्कावन्नला कार्ड बंद झालं. १८,९९० रुपयांचा तो व्यवहार झालाच नाही. ज्याला कोड हवा होता त्याच्यापर्यंत तो पोचला नव्हता. तो माझ्याकडे पडून होता.

मग कुठे आम्ही मूळ वाक्याकडे वळलो. काल रात्री माझ्या खात्यातून काय?

इथे माझी दुसरी चूक होता होता राहिली. त्यांची दोन खाती होती, एक बचतीचं आणि एक पत्नीबरोबरचं संयुक्त, ज्यात पेन्शन येते. बचत खात्यात आदल्या रात्रीच्या तीन नोंदी होत्या: यूपीआयनं गेलेले २२० रुपये, कुठल्यातरी वर्गणीचे ६४९ आणि परदेशी संकेतस्थळावर कार्डनं गेलेले १,७४९. मला वाटलं, तिसरीच असणार. मी लिहायला घेतलं, ‘आपण १,७४९ रुपयांबद्दल बोलत आहात का?’

ताईंनी पुन्हा थांबवलं. ‘तू विचारलंस तर ते हो म्हणतील. आत्ता तू काहीही विचार, ते हो म्हणतील.’ घाबरलेल्या माणसापुढे आपण आकडा ठेवला की तो आकडा त्याचाच होऊन जातो. शिवाय फोन कुणाच्या हातात आहे हे आपल्याला नक्की कळत नाही. वडिलांचा फोन मुलगा चालवतोय, सासूबाईंचं ॲप सून उघडून देतेय, हे आपल्या घराघरात आहे. खात्यात काल काय काय झालं हे आपण होऊन वाचून दाखवायचं नाही. रक्कम त्यांच्याकडून यायला हवी आणि आपण ती नोंदीशी ताडून बघायची. उलट्या दिशेनं गेलं की तपासणीच उरत नाही.

म्हणून मी विचारलं, ‘काल रात्री बचत खात्यातून की संयुक्त खात्यातून? आणि अंदाजे किती?’ ‘बचत. सतराशे की अठराशे. मेसेज रात्री अकरा नंतर आला मी सकाळी बघितला.’ ताडून बघितलं, जुळलं.

मुंबईतल्या कार्डधारकाला एक प्रश्न पडेल: ओटीपी न देता ते १,७४९ गेलेच कसे? आपल्या देशातल्या संकेतस्थळावर कार्ड वापरलं की ओटीपीसारखी दुसरी खात्री मागितली जाते, पण परदेशी संकेतस्थळावर तेव्हा तिच्याशिवायही कार्ड चालून जायचं. २०२० च्या ऑक्टोबरपासून नवी कार्डं परदेशी व्यवहारांसाठी मुळात बंदच असतात, हवी तर आपण चालू करायची. यांनी चालू केलं होतं. मुलगी दुबईला असते, मागच्या वर्षी तिच्याकडे गेले होते, परत आल्यावर बंद करायचं राहिलं. कार्डाचा नंबर कुठूनतरी फुटला. रात्री परदेशी दुकानात छोटी रक्कम टाकून बघितली, गेली. मग सकाळी इथल्या दुकानात मोठी टाकली, आणि तिथे ओटीपीची भिंत आडवी आली. ती भिंत मी जवळजवळ पाडलीच होती.

जवळजवळ म्हणते, कारण ताईंनी दुपारी जेवताना मला ते नीट उलगडून सांगितलं. डब्यातली भेंडी तशीच राहिली माझी.

त्यांचं म्हणणं असं. आज कोड तुझ्याकडे आला, चोराकडे गेला नाही, म्हणून पैसे वाचले. पण आजपासून या माणसाच्या डोक्यात काय बसलं? की बँक चॅटवर नंबर विचारते, आपण पाठवायचा, आणि बँक मदत करते. मदत झालीही, उत्तम झाली. उद्या कुणी ‘बँकेच्या चॅट विभागातून बोलतोय, कालच्या तक्रारीसंदर्भात’ म्हणून फोन केला तर हा माणूस का म्हणून नाही देणार? दहा वर्षं रिझर्व्ह बँक, आपली बँक, पोलीस सगळे मिळून सांगताहेत की बँक कधीच कोड मागत नाही. खातेदाराला खरं-खोटं ओळखायची तेवढी एकच खूण आहे. आवाजावरून ओळखता येत नाही, लोगोवरून येत नाही, गोड बोलण्यावरून तर नाहीच. खऱ्या बँकेनं एकदा जरी कोड मागितला तरी ती खूण त्याच्यापुरती मोडली.

आणि दुसरं, जे मला अजून टोचतं. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं एक परिपत्रक तेव्हा लागू होतं, खातेदाराच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारात नुकसान कुणी सोसायचं याबद्दल. दोष बँकेचाही नाही आणि खातेदाराचाही नाही, मधल्या तिसऱ्याच ठिकाणी आहे, आणि व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळवलं, तर त्या परिपत्रकाप्रमाणे खातेदारावर शून्य बोजा. चार ते सात कामकाजी दिवस लागले तर ठरावीक मर्यादेपर्यंतचा बोजा, साध्या बचत खात्याला १०,००० रुपयांपर्यंत. पण खातेदारानं स्वतःच पिन, पासवर्ड, कोड कुणाला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर असते. म्हणजे बँक काय बघणार? नोंदी बघणार. आणि नोंदीत काय दिसणार? दहा सत्तेचाळीसला खातेदारानं चॅटमध्ये कोड टाकला. वरचा माझा प्रश्न कुणी वाचला तर वाचला. ज्यानं कधी कुणाला कोड दिला नाही, त्याच्या नावावर ‘कोड देणारा’ अशी नोंद मी करून ठेवली होती.

चॅट मिटलं की ते पुसलं जात नाही. ते साठतं, क्वालिटीवाले त्यातली काही काढून वाचतात, तक्रार वर गेली की आणखी चार जण वाचतात. ओटीपी काही मिनिटांत मरतो, त्याचं तसं काही नाही. पण त्याच जागी कुणी एटीएमचा पिन लिहिला असता, नेटबँकिंगचा पासवर्ड लिहिला असता, तर तो बदलेपर्यंत जिवंत राहतो आणि वाचणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांखालून जातो. म्हणून त्या दिवशी ते सहा अंक नोंदीतून झाकण्यासाठी मला वेगळी विनंती पाठवावी लागली, कारणाच्या रकान्यात स्वतःची चूक लिहून.

सोमवारी ताईंनी मला ते टेम्प्लेट नव्यानं लिहायला बसवलं. शिक्षा म्हणून असेल, पण मला ते आवडलं. अर्धवट आलेल्या बँकेच्या मेसेजला उत्तर देणं हे भाषेचं काम आहे, हे त्या दोन दिवसांत कळलं.

पहिलं म्हणजे अर्धं वाक्य नीट वाचायचं. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. इंग्रजीत लिहिणारा आधी ‘गेले’ म्हणतो, मग किती आणि कुठून. मराठीत ‘काल रात्री माझ्या खात्यातून’ एवढं आलं तरी काय झालं ते अजून पोटातच असतं. पैसे गेले? काढता आले नाहीत? चुकून दुसऱ्याला पाठवले? तिन्हींची वाट वेगळी. पहिल्यात कार्ड किंवा यूपीआय आधी बंद करायचं आणि मग बोलायचं. दुसऱ्यात एटीएमची नोंद बघायची. पैसे बाहेर आले नाहीत पण खात्यातून वजा झाले असतील तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार बँकेनं पाच दिवसांत ते परत जमा करायचे, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. तिसऱ्यात समोरच्या बँकेला कळवायचं. पण अर्ध्या वाक्यातही एक खूण असते: प्रत्यय. ‘खात्यातून’ म्हणजे गेलं किंवा जायचं होतं. ‘खात्यात’ म्हणजे यायचं होतं किंवा आलं. रोमन लिपीत लिहिणाऱ्यांचं ‘khatyat’ आलं की मात्र मी थांबते, कारण ते ‘khatyatun’ लिहिता लिहिता सुटलेलं असू शकतं.

मेसेज अगदी खात्याच्या नंबरापाशी किंवा रकमेपाशीच का तुटतो, याचंही कोडं नंतर सुटलं. आकडा कुणाला पाठ नसतो. तो बघायला माणूस चॅट सोडून एसएमएसमध्ये जातो किंवा कपाटातून पासबुक काढायला उठतो, आणि जाताना अंगठा पाठवायच्या बाणावर पडतो. बोलून टाइप करणाऱ्यांचं आणखी वेगळं: आकडा आठवायला क्षणभर थांबले की फोनला वाटतं, संपलं बोलणं. एकदा एका बाईंचा ‘माझ्या खात्यात ५’ असा मेसेज आला होता. पाच रुपये, पाच लाख, की पाच दिवसांपासून? शेवटी निघालं, पाच तारखेची पेन्शन. म्हणून पहिली वीस-तीस सेकंदं काही न विचारता वाट बघायची परवानगी मी मागून घेतली. घड्याळासाठी एक ओळ जाते, ‘आपला संदेश मिळाला, पुढचं लिहा, मी इथेच आहे.’ अर्धे लोक तेवढ्यात वाक्य पुरं करतात आणि प्रश्न विचारायची वेळच येत नाही.

विचारावंच लागलं तर काय विचारायचं, यावर आमची बरीच खडाजंगी झाली. माझा पहिला खर्डा होता, ‘खात्याचे शेवटचे चार अंक द्या.’ ताई म्हणाल्या, ‘चार अंक म्हटल्यावर एटीएमचा पिन आला तर?’ आणि खरंच, आला तर मला कळणारही नाही. सहा अंक निदान मोजून ओळखता येतात. खात्याचे चार आणि पिनचे चार दिसायला सारखेच. म्हणून ‘पासबुकावर छापलेल्या खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक’ असं लिहिलं. छापलेलं हा शब्द महत्त्वाचा, पिन कुठेच छापलेला नसतो. आणि लॉगिन करून आलेल्याला तेही विचारायचं नाही. त्याची खाती दिसतातच, ‘बचत की संयुक्त?’ पुरे. ‘मेसेजमध्ये आलेला नंबर’ कायमचा बाद झाला. ‘कोड’ हा शब्दही बाद, मग तो एरर कोड का असेना. त्याऐवजी ‘स्क्रीनवर काय लिहून आलं ते सांगा’. एका वेळी एकच प्रश्न, कारण तीन गोष्टी मागितल्या की लोक जी सापडते ती पाठवतात.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो सावधगिरीच्या ओळीत. जुन्या टेम्प्लेटमध्ये ती होतीच, मीच घाईत खोडली होती. पण ती होती तशी तरी काय कामाची होती? ‘आपला ओटीपी, पिन, सीव्हीव्ही, पासवर्ड इत्यादी गोपनीय माहिती कृपया कोणालाही पाठवू नये.’ मी ते स्वतःच्या फोनवर पाठवून बघितलं. फोन बंद पडद्यावर मेसेजचा सुरुवातीचा तुकडाच दाखवतो. मला दिसलं: ‘आपला ओटीपी, पिन, सीव्हीव्ही, पासवर्ड इ…’. आपल्याकडे नकारही शेवटीच येतो. वाक्य तुटलं की ‘नये’ गळतं आणि उरते ती मागण्यांची यादी. खातेदाराचं वाक्य रकमेपाशी तुटतं, आमचं ‘नये’पाशी तुटत होतं. हे ताईंना दाखवलं तेव्हा त्या दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, ‘हे ट्रेनिंगवाल्यांना दाखव.’

शेवटी ठरलं ते असं:

‘नमस्कार. आपला संदेश “खात्यातून” या शब्दावर थांबला आहे. पुढे काय झालं? पैसे गेले, की काढता आले नाहीत?’

आणि दुसऱ्या, वेगळ्या फुग्यात:

‘हे लिहू नका: ओटीपी, पिन, सीव्हीव्ही, पासवर्ड. आम्हाला ते लागत नाहीत.’

‘लिहू नका’ आधी, यादी मागून. कुठेही तुटलं तरी नकार शाबूत राहतो. ‘लागत नाहीत’ हे मी हट्टानं ठेवलं. ‘गोपनीय माहिती’ म्हटलं की लोकांना वाटतं, जगापासून गोपनीय, बँकेपासून कशाला? बँकेला लागतच नाही म्हटलं की प्रश्न मिटतो. आणि ते खरं आहे. व्यवहार शोधायला तारीख आणि रक्कम लागते, कार्ड बंद करायला होकार लागतो. कोड लागतो तो बहुतेक वेळा पैसे हलवायला, आणि पैसे हलवणं चॅटवर बसलेल्या माणसाचं कामच नाही. ज्या कामात खातेदाराला कोड टाकावाच लागतो, तिथे तो ॲपच्या किंवा दुकानाच्या पडद्यावरच्या चौकटीत स्वतः टाकतो. कुणा माणसाला सांगायची वेळ त्यात कुठेच येत नाही.

हे टेम्प्लेट सगळं सोडवतं असं नाही. परवाच एकांनी ‘हे लिहू नका’ वाचून विचारलं, ‘मग कुठे लिहू?’ काही जण सांगूनही पाठवतात. आता सहा अंक आले की मी आधी अंकांकडे बघत नाही, वेळेकडे बघते. आत्ता आलेला ओटीपी म्हणजे आत्ता कुणीतरी दाराशी आहे. पहिला प्रश्न: हा तुम्ही स्वतः काही करताना आला का? नाही म्हणाले तर गप्पा बंद, कार्ड बंद. पैसे आधीच गेले असतील तर १९३० वर फोन आणि cybercrime.gov.in वर तक्रार, तीही लगेच, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत जातात आणि मधेच गोठवता आले तरच हाती लागतात.

त्या गृहस्थांची तक्रार मी शनिवारीच नोंदवली होती. वेळ म्हणून दहा बेचाळीस टाकली, पूर्ण वाक्य आलं ती वेळ नव्हे. अर्धं का होईना, त्यांनी कळवलं होतं. परदेशी व्यवहाराचा वाद कार्डाच्या यंत्रणेतून चालतो, त्याला वेळ लागतो, पण २०१७ च्या त्या परिपत्रकात खातेदारानं कळवल्यापासून दहा कामकाजी दिवसांत तात्पुरती रक्कम जमा करायची अट होती. आठव्या दिवशी १,७४९ रुपये त्यांच्या खात्यात दिसले.

त्या संध्याकाळी त्यांचा मेसेज आला, योगायोगानं माझ्याच रांगेत. पूर्ण वाक्य होतं या वेळी: ‘पैसे आले. मेसेज आला आहे. त्यातला नंबर पाठवू का?’

आमच्याकडे खातेदाराला ‘आपण’ म्हणायचं असतं, ‘सर’ म्हणायचं असतं. मी लिहिलं, ‘नको काका.’